समोरासमोर बुध

६ जुलै २०२५, रविवार. आषाढी
उपासाची साबुदाण्याची उसळ. जेवताना नागपूरचा विषय निघाला. मीच काढला. हे म्हणाले, "बघू." मी विचारलं, बघू म्हणजे कधी? शाळेचे प्रवेश, भाडं, अनामत, माझ्या बदलीचा अर्ज, सगळं एका दमात सांगितलं. हे ताटावरून उठले. बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. पाऊस पडून राहिला होता तरी.

७ जुलै
अबोला. डबा मात्र घेऊन गेले. सकाळची गाडी, रात्रीची गाडी. वर्धा ते नागपूर ऐंशीएक किलोमीटर. पण घरातून निघून घरात परत यायला दिवस जातो.

८ जुलै
आई (सासूबाई) म्हणाल्या, "तुमचं तेच तेच भांडन मी लग्नापासून ऐकून राहिली. एकदा पत्रिका दाखवा." मी म्हटलं, गुण तर जुळले होते. तिसाच्या वर. आई म्हणाल्या, "जुळले होते ना. मंग?"
या "मंग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

९ जुलै
बाबांची ट्रंक काढली. जुनी पंचांगं, पत्रिका मांडायच्या वह्या. बाबा शाळामास्तर, पत्रिका फावल्या वेळात. मला आठवीत असताना चौकट काढायला शिकवलं होतं. गुणमेलनाचं पान सापडलं. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७, नाडी ८. एकूण ३६. हे सगळं चंद्रावरून. नवऱ्याचं जन्मनक्षत्र, बायकोचं जन्मनक्षत्र, झालं. त्यात बुध नाही. ग्रहमैत्रीत डोकावतो, तेही कुणाची चंद्ररास मिथुन किंवा कन्या असेल तर. म्हणजे लग्न ठरवताना ही दोन माणसं एकमेकांशी बोलतील कशी, हे कुणी पाहिलंच नव्हतं.
आमची दोघांची रास मेष. दोघांचं डोकं एकदम तापणार, एवढं मात्र त्या छत्तीसमधून कळतं.

१२ जुलै, शनिवार
आर्वी नाक्याजवळच्या गुरुजींकडे. हे येणार नाहीत असं वाटलं होतं. आले. पायऱ्या चढताना एवढंच म्हणाले, "आईसाठी."

गुरुजींनी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या. आधी काहीच विचारलं नाही. चष्मा पुसला. मग म्हणाले, भांडण पैशाचं, माणसांचं की बोलण्याचं? हे म्हणाले, बोलण्याचं. मी म्हणाले, न बोलण्याचं. गुरुजी हसले.

त्यांची पाहण्याची रीत अशी. आधी दुसरं स्थान, म्हणजे वाणीचं. तिथे कोण बसलंय, त्या घराचा मालक कुठे गेलाय. मग बुध, कारण वाणीचा आणि हिशेबाचा कारक तो. तो कोणत्या राशीत, सूर्यापासून किती लांब, सरळ चालतोय की उलटा. मग दोघांचे बुध एकमेकांपासून कितव्या घरात. शेवटी गोचर, म्हणजे आजचा बुध आकाशात कुठे.

माझा जन्म १५ ऑक्टोबर १९८९. बुध कन्येत, बारा अंशांच्या आसपास. कन्या ही त्याची स्वतःची रास आणि उच्चीचीही. परमोच्च पंधराव्या अंशाला. सरळ गतीचा, सूर्यापासून मोकळा. गुरुजी म्हणाले, "या बाईंना प्रत्येक गोष्टीची यादी लागते. तारीख लागते. तुम्ही मागच्या दिवाळीत काय बोललात ते शब्दासकट आठवतं." हे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे.

यांचा जन्म १५ मार्च १९८६. बुध मीनेत. मीन बुधाची नीच रास. त्यात वक्री. त्यात सूर्याच्या तीन-चार अंशांत, म्हणजे अस्तंगत. "यांच्या मनात असतं. तोंडापर्यंत येत नाही. आलं तर दुसऱ्याच विषयातून येतं." आता मी यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघून राहिले होते.

मग गुरुजींनी दोन्ही बोटं टेबलावर समोरासमोर ठेवली. कन्या आणि मीन. समसप्तक. एक उच्च, एक नीच. "ही विचारते तेव्हा यांना उलटतपासणी वाटते. हे गप्प बसतात तेव्हा हिला अपमान वाटतो. भांडणाचा विषय कोणताही असो, चाल हीच."

शब्द न् शब्द खरं. घामच आला मला.

उपाय: बुधवारी हिरव्या मुगाचं दान, अथर्वशीर्ष, आणि एका वेळी एकच प्रश्न. उत्तर येईपर्यंत दुसरा विचारायचा नाही. पाचू वगैरे काही सांगितलं नाही. दक्षिणा मागितली नाही, दिली ती घेतली.

येताना गोरस भांडारातून गोरसपाक घेतला. दोघांनी रस्त्यातच अर्धा संपवला.

१३ जुलै
घर शांत. आईंच्या चेहऱ्यावर विजय.

१४ जुलै
हे रात्री हसत म्हणाले, "माझा बुध नीच आहे, बाई. सांभाळून घे." मीही हसले. बऱ्याच महिन्यांनी असं झालं. आता दोष यांचा नाही, माझाही नाही. दोष वर कुठेतरी. फार सोपं वाटतं ते.

१६ जुलै, बुधवार
मूग दिले. यांनी विचारलं, "सालासकट की डाळ?" बाबांच्या वहीत याचं उत्तर नाही. सालासकट दिले, हिरवे हवेत ना.

१८ जुलै, शुक्रवार
आजपासून बुध वक्री, कर्केत. ११ ऑगस्टपर्यंत. मैत्रिणीचा निरोप आला, या दिवसांत करार करू नको, मोबाइल घेऊ नको, भांडू नको.
आमच्या मेषेपासून कर्क चौथी. गोचरीत चौथा बुध शुभ सांगतात, बाबांच्या वहीत तसंच आहे. पण वक्री असला की पुस्तकागणिक मत वेगळं.

१९ जुलै
यंदा बुध तीनदा वक्री. १५ मार्च ते ७ एप्रिल, आताचा, मग ९ ते २९ नोव्हेंबर. बेरीज केली. वर्षातले सदुसष्ट दिवस. म्हणजे कोणतंही भांडण डोळे मिटून कॅलेंडरवर टाकलं, तरी साधारण साडेपाचातलं एक वक्री बुधात पडणारच. आणि ते एकच लक्षात राहणार. आषाढीला भांडलो तेव्हा बुध सरळ होता. त्याबद्दल कुणी निरोप पाठवला नव्हता.

२० जुलै, रविवार
यांच्या पत्रिकेतली जन्मवेळ: पहाटे २ वाजून ५० मिनिटं. आईंना विचारलं, ही कुणी टिपली? "टिपते कोन? पुलगावच्या दवाखान्यात होती मी. मुंबईकडची गाडी गेली अन् हा झाला. तुमचे मामंजी म्हनाले, तीन वाजले असतील."
गाडी वेळेवर होती का, हे आता कोण सांगणार.

बसून लग्न मांडलं. त्या पहाटे धनु लग्न तीन वाजून गेल्यावर पाचेक मिनिटांत संपतं. पुढे मकर. गाडी थोडी उशिरा असेल तर लग्नच बदललं.
आणि मग बुधाचं सगळं बदलतं. रास तीच, मीन. नीच, वक्री, अस्त, तेही तसंच, कारण बुध दिवसाला फार तर दोनेक अंश सरकतो. पण धनु लग्नाला बुध सातव्याचा आणि दहाव्याचा मालक. सातवं म्हणजे बायको. मकर लग्नाला तोच बुध सहाव्याचा आणि नवव्याचा मालक. सहावं म्हणजे शत्रू, रोग, भांडण.
एका गाडीच्या उशिरावर मी यांच्या पत्रिकेत बायकोच्या घरातून शत्रूच्या घरात.
यांना सांगितलं. म्हणाले, "मकरच असणार."

२२ जुलै
सूर्य आणि बुध यांचं अंतर कधीच अठ्ठावीस अंशांच्या पलीकडे जात नाही. आठवीत बाबांनी हे पाठ करून घेतलं होतं. त्याचा अर्थ आज कळला. बुध सूर्याच्याच राशीत असतो, नाही तर शेजारच्या. म्हणजे वाढदिवस कळला की बुध जवळपास कळलाच. आमचे वाढदिवस सात महिन्यांच्या अंतराने. बुध समोरासमोर येणार हे सांगायला पत्रिका कशाला हवी होती? मार्चमध्ये जन्मलेला नवरा आणि ऑक्टोबरात जन्मलेली बायको, अशी घरं वर्ध्यात किती असतील. सगळ्यांकडे रात्री गाडी पुसत असतील का?

२४ जुलै, गुरुवार. अमावास्या
आज जे झालं ते लिहून ठेवते.
लेकीच्या शाळेच्या फीची तारीख यांनी चुकवली. मी विचारलं, पावती कुठे? (एकच प्रश्न.) हे म्हणाले, "झाली तुझी कन्या सुरू." मी म्हटलं, निदान माझा उच्चीचा आहे. यांचा चेहरा बदलला. "हो. आम्ही नीच."
आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हा तर चांगलाच उपाय निघाला."

२५ जुलै. श्रावण लागला
अबोला. गुरुजींनी दोष आमच्याकडून काढून ग्रहाकडे दिला होता. आम्ही ग्रहालाच हत्यार केलं. पूर्वी मी "तुम्ही ऐकत नाही" म्हणत होते. त्यावर "ऐकतो" असं म्हणता यायचं. "तुमचा बुध नीच" यावर माणूस काय म्हणणार? जन्मतारीख थोडीच बदलता येते.

२७ जुलै, रविवार
दुपारी पाऊस. वही घेतली. दोन बुध एकमेकांपासून जेवढ्या अंतरावर असू शकतात तेवढी सगळी अंतरं लिहिली आणि प्रत्येकासमोर, एखादं जोडपं भांडणाची तक्रार घेऊन आलं तर गुरुजी काय सांगतील, ते लिहिलं. बाबांच्या वहीतली वाक्यं, ऐकलेली वाक्यं, थोडी माझी.

दोघांचा बुध एकाच राशीत: दोघं एकाच वेळी बोलतात, ऐकायला कुणी उरत नाही.
दुसरा-बारावा: एकाचं बोलणं दुसऱ्याला खर्च वाटतं. द्विर्द्वादश.
चौथा-दहावा: केंद्रात टक्कर. घरचा विषय आणि कामाचा विषय एकमेकांत घुसतात.
सहावा-आठवा: षडाष्टक. भाषाच वेगळी.
सातवा: आमचं. समसप्तक. ओढही, ताणही.
तिसरा-अकरावा, पाचवा-नववा: शुभ. जमायला हवं.

बारापैकी आठ ठिकाणी भांडणाचं कारण तयार. उरलेल्या चारांत अडलं तर? तर बुध अस्तंगत आहे का बघा. वक्री आहे का बघा. मंगळाची दृष्टी दुसऱ्या स्थानावर आहे का. दुसऱ्याचा मालक सहाव्यात गेलाय का. शनी बघतोय का. तिथवर गेल्यावर कुणी सुटत नाही.
हे उलटंही केलं. समजा एक जोडपं सुखाने नांदतंय आणि त्यांची पत्रिका आमचीच आहे. मग काय सांगतील? यांच्या बुधाशेजारी सूर्य, म्हणून बुधादित्य योग. माझाही सूर्य कन्येतच, म्हणजे मलाही बुधादित्य. वक्री ग्रह चेष्टाबली, म्हणून नीचत्व गेलं. समसप्तक म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वा. ऐकायला तितकंच खरं वाटतं. पुन्हा घाम आला असता.

२८ जुलै
सायन पद्धतीनेही मांडून बघितलं, पाश्चात्त्य लोक करतात तसं. सगळे ग्रह चोवीसएक अंशांनी पुढे सरकतात. यांचा बुध तरीही मीनेतच राहतो. माझा कन्या सोडून तुळेत जातो. उच्चत्व संपलं. मी एकदम गोड बोलणारी, समतोल, दोन्ही बाजू ऐकून घेणारी. समसप्तकाचं षडाष्टक झालं. भांडण मात्र जागेवर.
यांना म्हटलं, लंडनला माझा बुध तुळेत आहे. "मग लंडनला जाऊ. नागपूर कशाला," हे म्हणाले. हसले. मीही. विषय तिथेच राहिला.

२९ जुलै. नागपंचमी
चिरायचं नाही, तळायचं नाही. दिंडं केली.

२ ऑगस्ट, शनिवार
दादा हिंगणघाटहून आला. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. हे बरं.
त्याने नारळीकरांच्या चाचणीबद्दल सांगितलं. जयंत नारळीकर, दाभोलकर, प्रकाश घाटपांडे, सुधाकर कुंटे. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, सरमिसळ केलेल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका. कोणती कुणाची एवढंच सांगायचं. एका संस्थेने तर सगळ्या २०० तपासल्या. नाणं उडवून जे आलं असतं त्याहून बरा निकाल लागला नाही. २००९ साली छापून आलं. घाटपांडे तर स्वतः ज्योतिष जाणणारे. "ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी" हे त्यांचंच पुस्तक. दादा म्हणाला, पुढच्या वेळी आणतो.
मी म्हटलं, तो बुद्धीचा प्रश्न झाला. नवरा-बायकोचं कुणी तपासलंय?

३ ऑगस्ट
दादाने जाताना उत्तर दिलं. इंग्लंड-वेल्सच्या २००१ च्या जनगणनेवरून मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड व्होआस यांनी एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा पडताळल्या. कोणत्या राशीचे कोणत्या राशीशी जास्त लग्न करतात? काही नाही. एकाच राशीची जोडपी किंचित जास्त दिसली, त्याचं कारण फॉर्म भरण्यातल्या चुका निघालं. एकाची तारीख दुसऱ्याच्या रकान्यात.
मी म्हटलं, ती सूर्यरास. बुध नाही.
दादा जोडे घालता घालता थांबला. "अठ्ठावीस अंश," म्हणाला.
खरं आहे. बुध सूर्याला सोडून जातच नाही. बुधाचा जोर लग्नावर असता तर सूर्यराशींच्या आकड्यांत त्याची पुसट का होईना सावली पडली असती. पण त्या आकड्यांत कोण कुणाशी लग्न करतं एवढंच दिसतं. रात्री कोण कुणाशी कसं भांडतं ते कोणत्या जनगणनेत?

६ ऑगस्ट, बुधवार
मूग द्यायचे राहिले. आईंच्या लक्षात आलं. बोलल्या नाहीत.

९ ऑगस्ट. राखी
हिंगणघाटला गेलो. परत येताना बसमध्ये लेक झोपली. हे अचानक म्हणाले, "या वर्षी तूर चांगली आहे." मी म्हटलं, हो. पुढे गाव येईपर्यंत काही नाही. यांना काहीतरी सांगायचं होतं, असं मला वाटलं. मग वाटलं, हे मला वाटलं की गुरुजींनी सांगितलं होतं म्हणून वाटलं? "दुसऱ्याच विषयातून येतं."

११ ऑगस्ट, सोमवार
बुध सरळ झाला. मैत्रिणीचा निरोप: "सुटलो!"

१३ ऑगस्ट
तेच भांडण. तोच क्रम. मी भाड्याचे आकडे. हे "बघू". मी आवाज चढवला. हे उठले. बुध सरळ.

१६ ऑगस्ट, शनिवार
एकटीच गुरुजींकडे गेले. रागाने गेले होते. त्यांनी ताक दिलं.

विचारलं, यांची जन्मवेळ दहा-पंधरा मिनिटं पुढे गेली तर? त्यांनी पंचांग काढलं, बघितलं. "मकर येतं. बुध षष्ठेश. म्हणूनच पाचू सांगितला नव्हता, बाई. वेळ अशी काठावर असताना रत्न देत नाही. षष्ठेशाला बळ देऊन बसलो तर?" म्हणजे ती शंका त्यांना पहिल्याच दिवशी होती. मग बोलला का नाहीत? "तुम्ही भांडून आला होता. शंका ऐकायला नव्हता आला."

वही दाखवली. बारा अंतरांची. त्यांनी पूर्ण वाचली, बोट ठेवून. दोन ठिकाणी दुरुस्ती केली. एकाच राशीतल्या बुधांना ते दोष मानत नाहीत, युती म्हणतात. आणि चौथा-दहावाला त्यांच्या गुरूंचं वाक्य वेगळं होतं. बाकी बरोबर म्हणाले.

मग प्रत्येक भांडणाला कारण सापडतंच, हे तुम्हाला खटकत नाही?
थोडा वेळ गेला. म्हणाले, "माझ्यासमोर रोज नवरा-बायको येऊन बसतात. घरी एकमेकांकडे बघून ओरडतात. इथे तासभर दोघं कागदाकडे बघतात. त्या तासात मी एखादी कामाची गोष्ट सांगून घेतो. एका वेळी एकच प्रश्न, ही गोष्ट ग्रहात कुठे लिहिली आहे?"
नाही ना?
"नाही. ती माझ्या बायकोची आहे."

निघताना म्हणाले, "आणि एक. बुध कसं बोलता ते सांगतो. काय बोलता, ते मला तुम्ही दोघांनी सांगितलंच नाही. बोलण्याचं भांडण आहे म्हणाला, मी बोलण्याचं बघितलं."

१७ ऑगस्ट
खरंच. नागपूरचं नाव आम्ही त्यांच्यासमोर काढलंच नव्हतं.

१९ ऑगस्ट
दादाचा फोन. या आठवड्यात पहाटे पूर्वेला बुध दिसतो, सूर्यापासून सध्या बराच लांब आहे. गुरू, शुक्र त्याच्या वर. गच्चीवर गेले. ढग.

२१ ऑगस्ट
ढग.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
देवळीच्या शेतावर. आता बैल एकच जोडी, तीही वाट्याने करणाऱ्याची. यांनीच शिंगं रंगवली. खांद्याला तूप-हळद लावताना बैलाशी केवढं बोलत होते. सलग. यादी केल्यासारखं. कोणत्या वर्षी कोणता बैल घेतला, कितीला घेतला, मामंजींनी कोणत्या बाजारातून आणला. अस्तंगत, वक्री, नीच.
मी बांधावर उभी राहून ऐकलं.

२३ ऑगस्ट. तान्हा पोळा
लेकीचा लाकडी बैल. गल्लीत फिरली. बोजारा मिळाला.
रात्री एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला नागपूरला यायचं आहे का?" भाडं नाही, शाळा नाही, तारीख नाही. मग गप्प बसले. फार कठीण गेलं. पंखा मोजला. दोनदा तोंड उघडून मिटलं.
हे म्हणाले, "नाही."

२४ ऑगस्ट, रविवार
दिवसभर भांडलो. खरं भांडण. इतकी वर्षं "बघू" म्हणजे यांना सुचत नाही, बोलता येत नाही, असं मी धरून चालले होते. "बघू" म्हणजे "नाही" होतं. यांना शेत सोडायचं नाही. आईंना नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर न्यायचं नाही. नोकरी पन्नाशीत सोडून देवळीला राहायचं यांनी मनात ठरवून ठेवलंय. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं की मी आकडे मांडणार आणि आकड्यांत हे हरणार.
मी म्हटलं, हरला असता.
"माहीत आहे ना."
आणि मला? मला रोज रात्री साडेनऊला दमून आलेला माणूस नको आहे. लेकीला बाप रविवारीच भेटतो. हे मी कधी बोलले होते का? हे म्हणाले, "तू भाडंच सांगत होतीस." भाडं, अनामत, अर्ज. बरोबर.
आई मध्ये पडल्या नाहीत. संध्याकाळी फक्त म्हणाल्या, "मले विचारलं कोनी? मी येते नागपूरले. इथं काय ठेवलं आहे माझं?"
यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

२५ ऑगस्ट
आता तीन बाजू.

२६ ऑगस्ट. हरतालिका
हिशेब मांडला, यांनी आणि मी. शेत वाट्याने द्यायचं तर किती येतं, गाडीचा पास, भाडं, आईंचा मोतीबिंदू. माझ्या बाजूने आकडे जास्त. यांनी मान्य केलं, पटलं नाही म्हणाले. मीही मान्य केलं की पटलेलं नाही. आवाज चढला, दोघांचाही. उठलं कुणी नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणपती बसले
आरती झाल्यावर ठरलं. कापूस-तूर निघाल्यावर पुन्हा बसायचं. मी विचारलं, पुन्हा म्हणजे कधी?
हे म्हणाले, "४ जानेवारी. रविवार आहे."
मोबाइलमध्ये गजर लावला आणि काय लिहिलं ते मला दाखवलं. नागपूर. भांडण. सकाळी १०. आईंनाही बोलावणे.